१.७ चा आकडा कुठवर चालतो?

*सर, मी अकरावी सायन्सला आहे, गाव चोपड्याजवळ. क्लासला सांगितलं की इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीचा फरक १.७ च्या वर गेला की आयनिक आणि खाली असला की कोव्हॅलंट. मग HF मध्ये फरक १.७८ येतो तरी तो कोव्हॅलंट का? आणि AlCl₃ मध्ये १.५५ येतो, तर एका पुस्तकात ते आयनिक लिहिलंय आणि दुसऱ्यात कोव्हॅलंट. नक्की काय धरू?*

आधी एक सांगतो. तुझी वजाबाकी बरोबर आहे आणि तुझी दोन्ही पुस्तकंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. घोळ त्या १.७ मध्ये आहे. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात सव्वीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. दरवर्षी कोणी ना कोणी हा प्रश्न घेऊन यायचं आणि सुरुवातीची काही वर्षं मीही ‘अपवाद आहे, पाठ कर’ म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर चुकीचं होतं. हे अपवाद नाहीतच. त्या आकड्याला जेवढं सांगता येतं त्यापेक्षा जास्त आपण त्याला विचारतो.

इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी, मराठीत विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याचा अणूचा कल. आवर्तात डावीकडून उजवीकडे ती वाढते, गणात वरून खाली कमी होते, एवढं तुला माहीत आहेच. कारण मात्र नीट बघून ठेव, पुढे तेच लागणार आहे. लिथियमच्या केंद्रकात ३ प्रोटॉन आणि आतल्या कवचात २ इलेक्ट्रॉन, म्हणून बाहेरच्या इलेक्ट्रॉनपर्यंत केंद्रकाची ओढ फारच थोडी पोचते. फ्लोरीनमध्ये आतले इलेक्ट्रॉन तेच दोन, पण प्रोटॉन ९. बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांना फारशी आड करत नाहीत, त्यामुळे ओढ जवळजवळ सगळी बाहेर जाणवते आणि अणूही आकसून लहान होतो. म्हणून लिथियम ०.९८ वर आणि फ्लोरीन ३.९८ वर. गणात खाली गेलं की कवचं वाढतात, अंतर वाढतं: फ्लोरीन ३.९८, क्लोरीन ३.१६, ब्रोमीन २.९६, आयोडीन २.६६. हा कल सगळीकडे सरळ जात नाही. ॲल्युमिनिअम १.६१ आहे आणि त्याच्या खालचं गॅलियम १.८१. मध्ये 3d चे दहा इलेक्ट्रॉन येतात आणि ते केंद्रकाला नीट झाकत नाहीत. एमसीक्यूवाल्यांचं हे आवडतं ठिकाण आहे.

आता हे आकडे आले कुठून ते बघू. विद्युतऋणता कोणत्या मीटरवर मोजलेली नाही. लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये ती बंधांच्या ऊर्जेवरून काढली. HCl घेऊन तूही करून बघ. H–H बंध तोडायला मोलमागे ४३६ किलोजूल लागतात आणि Cl–Cl ला २४२. H आणि Cl नी इलेक्ट्रॉन अगदी समसमान वाटून घेतले असते, तर H–Cl ची ऊर्जा साधारण या दोघांच्या सरासरीइतकी, म्हणजे ३३९ असायला हवी होती. प्रत्यक्षात ती ४३१ आहे. जास्तीचे ९२ किलोजूल आले कारण वाटणी समान नाही; एका टोकाला थोडा ऋण प्रभार, दुसऱ्याला थोडा धन, आणि त्या ओढीने बंध घट्ट झाला. ९२ ला ९६.५ ने भाग (किलोजूलचं इलेक्ट्रॉन-व्होल्ट करण्यासाठी) आणि वर्गमूळ घे, ०.९८ येईल. तक्त्यात ३.१६ वजा २.२०, म्हणजे ०.९६. जवळजवळ तेच.

यातून एक गोष्ट कळते. तक्त्यातला फरक हा दोन अणूंमधल्या एका बंधाबद्दल बोलतो: वाटणी किती असमान आहे, एवढंच. पदार्थ मिठासारखा स्फटिक होणार की वायू होऊन उडून जाणार, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नव्हता.

मग १.७ कुठून आलं? फरकावरून बंधातला आयनिक अंश अंदाजे काढायचं एक सूत्र पॉलिंग यांनीच दिलं:

```
आयनिक % = 100 × (1 − e^(−Δ²/4))
```

यात Δ च्या जागी १.७ घाल, ५१ टक्के येतात. बस, १.७ चा जन्म एवढाच. सूत्र जिथे पन्नाशी ओलांडतं ती जागा. सूत्राचा आलेख तिथून अगदी सलग वर जातो, १.६ ला ४७ टक्के आणि १.८ ला ५६. तिथे ना पायरी आहे ना कुंपण. चोपड्याहून यावलला जाताना तालुक्याची हद्द कुठे बदलली ते पाटीवरून कळतं, मातीवरून नाही. तसंच हे. म्हणूनच काही पुस्तकं १.७ ऐवजी १.८ किंवा २.० घेतात आणि तीही चुकत नाहीत.

आता HF. फरक १.७८, सूत्राने ५५ टक्के आयनिक. हे प्रत्यक्षाशी ताडून बघता येतं, कारण रेणूचा द्विध्रुव आघूर्ण (डायपोल मोमेंट) मोजता येतो. HF मध्ये दोन अणूंचं अंतर ०.९१७ अँगस्ट्रॉम आहे. H वर पूर्ण +1 आणि F वर पूर्ण −1 असता, तर आघूर्ण ०.९१७ × ४.८०, म्हणजे ४.४० डीबाय भरला असता. मोजलेला भरतो १.८३. म्हणजे पूर्ण प्रभाराच्या ४२ टक्के. सूत्र ५५ म्हणतं, मोजमाप ४२. HCl ला सूत्र २१ टक्के म्हणतं, मोजमाप १८. सूत्र अंदाज देतं, पण पाच-दहा टक्क्यांची चूक त्याच्यात सहज असते. HF मध्ये तर त्याहूनही जास्त आहे. १.७८ आणि १.७ मधला फरक त्या चुकीतच बुडून जातो.

आणि समज, अंश खरोखर ५५ टक्के असता तरी HF मीठ झालं नसतं. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम बसतात, त्यातला कोणता कोणाचा हे सांगताच येत नाही. हायड्रोजनला हे जमत नाही. त्याचा एकुलता एक इलेक्ट्रॉन काढला की नुसता प्रोटॉन उरतो, आणि एवढा लहान धन प्रभार शेजारच्या अणूच्या इलेक्ट्रॉन ढगात घुसल्याशिवाय राहत नाही. म्हणून HF चे सुटे रेणू असतात. ते एकमेकांना हायड्रोजन बंधाने चिकटतात, तरी १९.५ अंश सेल्सिअसला उकळतात. भुसावळच्या मे महिन्यात तो कोणत्याही खोलीत वायूच असेल. BF₃ बघ, फरक १.९४, तोही वायू. SiF₄, फरक २.०८, तोही वायू. आकडा मोठा, पण बोरॉन आणि सिलिकॉनचे आयन होऊन स्फटिक बनत नाही.

उलट्या बाजूचं उदाहरण वर्गात दिलं की मुलं जास्त चक्रावतात. LiH, लिथियम हायड्राइड. फरक फक्त १.२२. नियमाने हे सहसंयुज, म्हणजे कोव्हॅलंट. प्रत्यक्षात हा पांढरा स्फटिक ६९० अंशांच्या आसपास वितळतो, वितळला की वीज वाहून नेतो आणि विद्युत अपघटन केलं की हायड्रोजन वायू *ॲनोडवर* निघतो. ॲनोडवर निघतो म्हणजे आत हायड्रोजन H⁻ म्हणून बसला होता. आयनिक असण्याचा याहून चांगला पुरावा नसतो.

HF आणि LiH शेजारी ठेवले की नियमात काय राहून गेलं ते दिसतं. फक्त वजाबाकी केली, बेरीज केलीच नाही. HF मध्ये दोन्ही अणू ओढणारे आहेत, सरासरी ३.०९. दोघंही इलेक्ट्रॉन सोडायला तयार नसले की भांडण बंधातच राहतं, वाटणी वाकडी होते एवढंच. LiH मध्ये सरासरी १.५९. लिथियम धातू, इलेक्ट्रॉन सैल, म्हणून कमी ओढीच्या हायड्रोजनलाही तो मिळून जातो. तेव्हा फरकाच्या आधी बघायचं: जोडीत धातू आहे का? दोन्ही अधातू असतील तर फरक कितीही आला तरी साध्या संयुगात ‘ध्रुवीय सहसंयुज’ हेच उत्तर, १.७ बाजूला ठेव. धातू असेल तरच पुढचा विचार करायचा.

पुढचा विचार म्हणजे तुझं AlCl₃.

इथे धातू आहे, फरक १.५५, सूत्राने ४५ टक्के. अगदी काठावर. अशा वेळी धातूच्या आयनाचा आकार आणि प्रभार बघायचा. सोडियम आयनाची त्रिज्या १०२ पिकोमीटर, प्रभार एक. ॲल्युमिनिअम आयनाची साधारण ५४, प्रभार तीन. निम्म्या जागेत तिप्पट प्रभार. असा आयन शेजारच्या क्लोराइडचा इलेक्ट्रॉन ढग स्वतःकडे खेचून वाकवतो, म्हणजे क्लोराइडचं ध्रुवण करतो, आणि ढग जितका मोठा आणि सैल तितका जास्त वाकतो. हेच फायान्सचे नियम, अकरावीच्या पुस्तकात आहेत, पण मुलं ते वेगळा धडा समजतात आणि इथे वापरत नाहीत. क्लोराइड १८१ पिकोमीटरचा, सहज वाकतो. फ्लोराइड १३३ चा आणि घट्ट, फारसा वाकत नाही. म्हणून AlF₃ (फरक २.३७) सुमारे १२९० अंशांना संप्लवन पावतो आणि AlCl₃ १८० अंशांच्या आसपासच. धातू तोच, पण हजार अंशांहून जास्तीचा फरक.

आता AlCl₃ मध्ये आत काय घडतं ते बघ, कारण तुझ्या दोन पुस्तकांचं भांडण इथेच आहे. घन AlCl₃ मध्ये थर असतात आणि प्रत्येक ॲल्युमिनिअमभोवती सहा क्लोरीन. रचना बघून कोणी त्याला आयनिकच्या बाजूला टाकलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही. पण तो वितळतो (त्यासाठी दाब द्यावा लागतो, नाहीतर घनातून सरळ वायूच होतो) तेव्हा हे थर मोडून Al₂Cl₆ चे रेणू बनतात. प्रत्येक ॲल्युमिनिअमभोवती आता चारच क्लोरीन, आणि त्यातले दोन क्लोरीन दोन ॲल्युमिनिअमना पुलासारखे जोडणारे. आयन फिरायला उरतच नाहीत, म्हणून वितळलेला AlCl₃ वीज जवळजवळ वाहत नाही. ॲल्युमिनिअम धातू काढताना कारखान्यात AlCl₃ न वापरता क्रायोलाइटमध्ये विरघळवलेला Al₂O₃ का घेतात, याचं एक कारण हेच. निर्जल AlCl₃ इथरमध्येही विरघळतो. मीठ इथरमध्ये टाकून बघ, तसंच तळाशी बसेल.

आणि एक तिसराच पदार्थ याच नावाने फिरतो: AlCl₃·6H₂O. यात प्रत्येक ॲल्युमिनिअमभोवती सहा पाण्याचे रेणू आहेत आणि क्लोराइड वेगळे आयन म्हणून बसलेत. म्हणजे हा सरळ सरळ आयनिक. पाण्याने ॲल्युमिनिअमला वेढून टाकलं की त्याचा तो तीन प्रभार क्लोराइडपर्यंत पोचत नाही, वाकवावाकवी संपते. आमच्या लॅबमध्ये हा घोळ एकदा चांगलाच महागात पडला. जुलैत निर्जल AlCl₃ ची बाटली अर्धवट बंद राहिली. आठवड्याने उघडली तर फस्सकन पांढरा धूर आला, डोळे चुरचुरले, आणि तोंडाशी धरलेला ओला निळा लिटमस लाल झाला. हवेतल्या ओलीशी संयोग होऊन HCl सुटत होता. आमच्या लॅब असिस्टंट भाऊंनी मग खालचं ओलं झालेलं तापवून ‘पुन्हा कोरडं’ करायचा प्रयत्न केला. तसं होत नाही. सहा पाण्यांचा क्षार तापवला की पाण्याबरोबर HCl ही जातो आणि शेवटी ऑक्साइड उरतो. बाटलीवर नाव ॲल्युमिनिअम क्लोराइड, आत भलतंच. म्हणून पुस्तकात ‘AlCl₃ आयनिक’ वाचलंस तर आधी बघ, बोलणं निर्जलाबद्दल आहे की सजलाबद्दल, घनाबद्दल आहे की वितळलेल्याबद्दल.

तू म्हणशील, पाण्यात टाकून दिवा पेटतो का बघितलं की संपलं. इथेच बरीच मुलं फसतात. आपल्याकडे केळीला ठिबकमधून पोटॅश सोडतात, ते KCl, फरक २.३४. टाकीत विरघळवून ईसी मीटर बुडवला की आकडा चढतो, कारण K⁺ आणि Cl⁻ आधीपासूनच सुटे होते, पाण्याने फक्त त्यांना मोकळं केलं. पण HCl वायू पाण्यात सोडला तरी मीटर तसाच चढतो, आणि HCl तर ०.९६ फरकाचा सहसंयुज रेणू. तिथे आयन पाण्याशी अभिक्रिया होऊन *तयार झाले*. पाण्यातली वाहकता बंधाचा पुरावा नाही. वितळलेल्या पदार्थाची वाहकता पुरावा आहे, कारण तिथे पाणी मध्ये येत नाही. आणि त्याच ठिबकच्या मेनलाइनचा पीव्हीसी पाइप बघ. त्यातही क्लोरीनच आहे, पण कार्बनला जोडलेला, फरक ०.६१. पोटॅशचं पाणी वर्षानुवर्षं त्यातून वाहतं आणि पाइपातला क्लोरीन जागचा हलत नाही.

नुसत्या आकड्यावर किती विसंबावं, यासाठी मी वर्गात एक जोडी फळ्यावर लिहायचो आणि खाली काहीच लिहायचो नाही. MnCl₂, फरक १.६१. TiCl₄, फरक १.६२. दोन्हीत क्लोरीन, दोन्हीत धातू, सूत्राने दोघं ४८ टक्के. विचारायचो, सारखेच असतील ना? मागच्या बाकावरचा अमळनेरकडचा एक पोरगा एकदा अहिराणीत म्हणाला, “सर, तुम्ही इचारतस म्हंजे सारखं नसे.” बरोबर होता. MnCl₂ गुलाबी स्फटिक, ६५४ अंशांना वितळतो, वितळून वीज वाहतो. TiCl₄ पाण्यासारखा पातळ द्रव, १३६ अंशांना उकळतो आणि ओल्या हवेत धूर सोडतो. उलट ज्याचा फरक कणभर जास्त तोच सहसंयुज निघाला. कारण आकड्यात नाहीच, रासायनिक सूत्रात आहे: मँगनीज +2, टायटेनियम +4. चार प्रभाराचा लहानसा टायटेनियम, भोवती चार मोठे क्लोराइड. तो त्यांना एवढं वाकवतो की आयन उरत नाहीत, आणि चार क्लोरीननी तो चहूबाजूंनी झाकला गेला की शेजारच्या रेणूला धरायला जागाही राहत नाही.

परीक्षेचं सांगतो. तक्ता एकच वापर. जुन्या पुस्तकांत H २.१ आणि F ४.० असतं, नव्यात २.२० आणि ३.९८. एक आकडा इथला आणि एक तिथला घेतलास तर काठावरचा बंध उगाच इकडचा तिकडे जातो. HF चा फरक जुन्या तक्त्याने १.९ येतो, तुला १.७८ आला. एमसीक्यूत जोडी सरळ असेल, NaCl किंवा CCl₄ सारखी, तर १.७ चालव, वेळ वाचतो. पण पर्यायांत AlCl₃, BeCl₂, HF किंवा LiH दिसलं की समजून घे, पेपर काढणाऱ्याने आकड्यासाठी नाही, त्याच्या पलीकडच्यासाठी ते टाकलंय. तिथे निर्जल AlCl₃ ला ‘सहसंयुज’ लिही आणि जागा असेल तर ‘वितळल्यावर Al₂Cl₆’ एवढे दोन शब्द जोड.